शाळेचे उघड काम आणि आतले काम



आज आपण शाळेविषयी बोलू. शाळा आपल्या ओळखीची आहे. कोणी तिथे शिकले, कोणी नुसती बाहेरून पाहिली, कोणाची मुले आज तिथे जातात. तेव्हा शाळा काय करते हे आपल्याला नव्याने सांगायला नको, असे वाटेल. तरी एक सवाल विचारून पाहू. गावातली शाळा कोणकोणती कामे करते?

हा सवाल आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या गावांत अनेकदा विचारतो. पहिले उत्तर बहुधा एकच येते. "पोट्टे शिकतेत जी, आणखी काय?" उत्तर खरे आहे. मुलांना वाचता यावे, लिहिता यावे, हिशेब यावा म्हणून शाळा काढली. सरकारच्या कागदावरही तेच लिहिले आहे. हे शाळेचे उघड काम झाले. ज्यासाठी ती ठरवून काढली आणि जे सर्वांना ठाऊक आहे, ते उघड काम. पुस्तकी भाषेत त्याला प्रकट कार्य म्हणतात.

पण थोडे थांबून पाहा. मूल शाळेत बसले म्हणून त्याची आई निर्धास्तपणे कापूस वेचायला जाते. शाळेच्या आवारात दोन मोहल्ल्यांच्या बाया भेटतात, एरवी त्या एकमेकींच्या दारात जात नाहीत. मोठी बहीण धाकट्याला हाताला धरून आणते, आणि त्याच्या निमित्ताने तिचेही शिक्षण चालू राहते. हे सारे कोणी ठरवले? कोणीच नाही. शाळा काढणाऱ्याच्या मनात ते नव्हते, कागदावरही नाही. तरी ते रोज घडते आणि गाव त्याच्यावर चालते. हे शाळेचे आतले काम. त्याला अप्रकट कार्य म्हणतात.

या दोन कामांतला भेद रॉबर्ट मर्टन नावाच्या अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञाने १९४९ साली आपल्या ग्रंथात नीट मांडून दाखवला. त्याने पावसासाठी नाचणाऱ्या एका आदिवासी जमातीचे उदाहरण घेतले. नाचाने पाऊस येत नाही. मग शहाणी माणसे पिढ्यान् पिढ्या का नाचतात? मर्टन म्हणाला, नुसते पावसाकडे पाहू नका, नाचणाऱ्यांकडेही पाहा. एरवी पांगलेले लोक त्या दिवशी एकत्र येतात, संकटाच्या वेळी एकमेकांना धरून राहतात. पाऊस आणणे हे त्यांच्या मनातले काम. लोकांना बांधून ठेवणे हे आतले काम. आपल्याकडे पाऊस लांबला की धोंडी धोंडी पाणी दे म्हणत पोरे घरोघर हिंडतात. ते आठवा, म्हणजे मर्टनचे म्हणणे लगेच कळेल.

येथे एक चूक होते, ती आधीच टाळू. उघड काम म्हणजे मोठे आणि आतले काम म्हणजे बारीकसारीक, असे नाही. उघड म्हणजे चांगले आणि आतले म्हणजे वाईट, असेही नाही. भेद एकाच गोष्टीचा आहे. ते काम कोणी ठरवून, जाणून करत होते काय? होते, तर ते उघड. नव्हते, तर ते आतले.

हे आपल्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या गोष्टीवरून पाहू.

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याला शिक्षणाविषयी एक परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी होते. इंग्रजी अमदानीतल्या शाळा तेव्हा चालू होत्या. त्यांचे उघड काम होते लिहायला वाचायला शिकवणे, आणि ते काम त्या करत होत्या. पण त्यांच्या हातून आणखी एक गोष्ट घडत होती. शेतकऱ्याचा मुलगा चार इयत्ता शिकला की त्याला नांगर धरायची लाज वाटू लागे. सुताराच्या मुलाला वाकस नको वाटे. त्याला कचेरीतली खुर्ची हवी असे, आणि खुर्च्या तर थोड्या. कोणत्याही मास्तराने फळ्यावर "हाताचे काम हलके" असे लिहिले नव्हते. पण दिवसभर पुस्तकाला मान आणि हाताला काहीच काम नाही, हे पाहून मूल ते आपोआप शिकत होते. हा त्या शाळेचा आतला परिणाम होता, आणि तो नुकसानीचा होता. आतल्या कामांत अशी नुकसानीची कामेही असतात, हे ध्यानात ठेवा.

त्या परिषदेने तो आतला परिणाम ओळखला आणि उजेडात आणला. मग डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नव्या शिक्षणाची योजना तयार केली. सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि मधोमध एक हातउद्योग. मूल टकळीवर सूत काती आणि त्या सुताच्या मोजणीतून हिशेब शिके. कापूस कोठे पिकतो, हे विचारता विचारता भूगोल शिके. हीच नई तालीम. सेवाग्रामला तिची शाळा चालली. तिथे मुले मिळून सफाई करत, मिळून रांधत आणि एका पंगतीला जेवत. अमक्या जातीचे ताट वेगळे, असे नव्हते.

आता तुम्हीच सांगा, सेवाग्रामच्या शाळेत सर्व जातींची मुले एकत्र जेवली, हे तिचे उघड काम की आतले? उघड. कारण तसेच घडावे म्हणून ती शाळा होती.

आता दुसरी पंगत पाहा. १९९५ साली सरकारने प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी पोषण आहाराची योजना देशभर सुरू केली. मुलांच्या पोटात अन्न पडावे, मुले शाळेत यावीत आणि टिकावीत, हा तिचा हेतू होता. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्यावे असा हुकूम दिला, आणि शाळेत खिचडी शिजू लागली. मुले ओळीने बसली. शेजारी कोण बसले आहे हे भुकेले मूल पाहत नाही. ज्या घरात दुसऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या घरचे मूलही त्या ओळीत जेवू लागले. हेतू अन्नाचा होता, पण त्यासोबत पंगतही घडली. म्हणून येथे ते आतले काम.

पंगत सारखीच, मुलेही सारखीच. एका ठिकाणी ते उघड काम झाले, दुसऱ्या ठिकाणी आतले. फरक हेतूत आहे. आणि आणखी एक गंमत पाहा. खिचडीच्या पंगतीने काय होते हे लोकांनी पाहिले, त्यावर बोलले, लिहिले. मग मुलांनी भेद न करता एकत्र जेवावे, हेही योजनेचा एक हेतू म्हणून सांगितले जाऊ लागले. म्हणजे आतले काम ओळखले गेले, कागदावर आले की ते उघड होते. ही रेघ कायमची नसते. मात्र खिचडी आली म्हणजे सर्वत्र भेद मिटला, असे समजू नका. काही गावांत मुलांना वेगळे बसवले गेले, काही ठिकाणी अमक्या बाईच्या हातचे नको म्हणून तंटे झाले. आतले काम आपोआप घडते, तसे ते बिघडतेही. कोणाचे त्याच्यावर लक्ष नसते, म्हणून बिघडले तरी लवकर कळत नाही.

मग आतले काम ओळखायचे कसे? एक सोपा उपाय आहे. ती गोष्ट बंद पडली तर काय काय अडते, ते पाहायचे. विहिरीवरचा दोर तुटेपर्यंत दोराकडे कोण पाहतो?

२०२० च्या मार्च महिन्यात करोनामुळे शाळा बंद झाल्या. खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग २०२१ च्या डिसेंबरात उघडले. एवढ्या काळात शिकणे थांबले, ते तर सर्वांना दिसले. मोबाईलवर शिकवून पाहिले, पण घरात एक फोन आणि तो बापासोबत वावरात. तरी शिकण्याचा तोटा मोजायला निदान मास्तर होते, अधिकारी होते. बाकीच्या गोष्टी कोण मोजणार? शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडे तांदूळ आणि डाळ घरी आली. धान्य घरी आले की ते साऱ्या घराचे होते, एका मुलाचे राहत नाही. लहान मुलांना सांभाळायला मोठी मुलगी घरी राहिली, आणि शाळा उघडल्यावर काही मुली परत आल्याच नाहीत. मूल कोमेजलेले दिसले, अंगावर वळ दिसले की मास्तरीण विचारत असे, "काय झालं रे बाप्पा?" ते विचारणारे कोणी उरले नाही. शाळा ही सारी कामे करत होती, हे शाळा बंद पडल्यावर कळले.

आता हे सारे आजच आपण का सांगतो? कारण हा सवाल अनेक गावांच्या दाराशी आला आहे. आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा हजारोंनी आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात राज्याच्या शिक्षण खात्याने अशा शाळांच्या जागी समूह शाळा करण्याविषयी प्रस्ताव मागवले. म्हणजे आसपासच्या लहान शाळांतली मुले एका मोठ्या शाळेत आणायची आणि त्यांच्या जाण्यायेण्याची सोय करायची. सरकारचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. चौदा मुलांच्या शाळेत एका खोलीत चार इयत्ता बसतात. एक मास्तर चौघांना चार धडे देतो. खेळायला गडी पुरत नाहीत. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला मास्तर मिळेल. उघड काम तिथे बरे होण्याचा संभव आहे, हे आपण मान्य करू.

पण पारड्यात दुसरी बाजू घातली आहे काय? हिशेब करून पाहू. गाव काल्पनिक घेऊ, आकडेही सोयीचे धरू. रीत समजली म्हणजे तुम्ही आपल्या गावाचे खरे आकडे घाला.

समजा गावच्या शाळेचा पट चौदा आहे. त्यातला एक मुलगा सात वर्षांचा. त्याच्या आईला आपण शांताबाई म्हणू. दिवाळीपासून पुढे कापसाची वेचणी चालते. शांताबाई साडेआठला वावरात पोचते. मुलगा शेजारच्या मोठ्या मुलीसोबत आपला आपण शाळेत जातो, शाळा हाकेच्या अंतरावर आहे. वेचाई किलोवर मिळते. दिवसाला ३० किलो कापूस वेचला आणि किलोला १० रुपये धरले, तर ३०० रुपये झाले.

आता गावची शाळा बंद झाली. मुलांना नेणारी गाडी फाट्यावर साडेनऊला येते. फाट्यावरून ट्रक धावतात, सात वर्षांचे मूल तिथे एकटे सोडता येत नाही. शांताबाई गाडी येईपर्यंत थांबते आणि साडेदहाला वावरात पोचते. दोन तास गेले. ३० किलोच्या जागी २२ किलो होतो. रोजचे ८० रुपये गेले. वेचणीचे साठ दिवस धरले, तर ४,८०० रुपये गेले.

हे ४,८०० रुपये सरकारच्या कोणत्या वहीत लिहिले जातील? कोणत्याच नाही. शाळा बंद केल्याने किती पगार वाचला ते लिहिले जाईल, गाडीचे भाडे लिहिले जाईल. शांताबाईच्या दोन तासांना रकाना नाही, कारण मूल सांभाळणे हे शाळेचे काम आहे असे कोणी कधी लिहिलेच नव्हते. ज्या दिवशी गाडी येणार नाही, त्या दिवशी तर ती घरीच राहील, नाही तर मूल वावरात नेईल. असे चार दिवस झाले की मुलाची शाळा सुटायला वेळ लागत नाही. म्हणजे आतले काम मोडले की काही दिवसांनी उघड कामही मोडते. दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

आणखी एक पाहा. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेची व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. शाळेवर देखरेख करणे हे समितीचे उघड काम. पण जी बाई समितीत तांदळाचे पोते मोजून घ्यायला शिकते, ती पुढे रेशनच्या दुकानातही वजन पाहते, आणि ग्रामसभेत उभी राहून दोन शब्द बोलते. शाळा पाच कोसांवर गेली तर ही बाई तिथल्या सभेला कशी जाईल?

म्हणजे लहान शाळा कधीच बंद करू नये, असे आमचे म्हणणे आहे काय? नाही. आतली कामे मोजताना दोन गोष्टी जपाव्या लागतात.

पहिली गोष्ट. शाळेत जे जे घडते ते सारेच तिचे काम नव्हे. रात्री शाळेच्या ओट्यावर पत्ते खेळतात, म्हणून तेही शाळेचे काम असे म्हणू नये. ते बंद झाले तर गावाचे काय अडते? काही नाही. ज्याच्यावाचून खरोखर कोणाचे तरी अडते, तेच मोजायचे. आणि कोणाचे अडते तेही नाव घेऊन सांगायचे. "गावाचे नुकसान होईल" एवढे म्हणून भागत नाही. गावात शांताबाई आहे, तिला मजुरीला ठेवणारा वावरवाला आहे, मुलांना कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवणारा बापही आहे. एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा असू शकतो.

दुसरी गोष्ट. तेच काम दुसऱ्या कोणाकडून होऊ शकते काय, हेही पाहायचे. पूर्वी शाळेच्या घंटेवरून गाव वेळ ओळखत असे. आज प्रत्येकाच्या खिशात घड्याळ आहे, त्या कामासाठी घंटा जपायची गरज नाही. तसेच फाट्यावर मुलांना गाडीत बसवून देण्यासाठी गावातलीच एक बाई पगारावर नेमली, तर शांताबाईचे दोन तास वाचतील. काम तेच राहील, करणारा बदलेल. मात्र त्यासाठी ते काम आधी कोणाला तरी दिसायला हवे. जे दिसलेच नाही, त्याची सोय कोण करणार?

तेव्हा उद्या तुमच्या गावात शाळा हलवण्याची गोष्ट निघाली, तर ग्रामसभेत नुसते "शाळा आमची, बंद होऊ देणार नाही" म्हणू नका. अधिकारी पट दाखवील आणि तुम्ही गप्प व्हाल. एक कागद घ्या. मधोमध रेघ ओढा. डावीकडे उघड कामे लिहा. मुलांना वाचता येते काय, बेरीज वजाबाकी येते काय, हे खरे खरे लिहा, लपवू नका. उजवीकडे आतली कामे लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी मांडा. हे बंद झाले तर कोणाचे अडेल? किती अडेल? ते काम दुसरे कोण करू शकेल? ज्या कामापुढे "दुसरे कोणी नाही" असे लिहावे लागेल, तीच तुमची खरी बाजू. सरकारचा नियम असा आहे की पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळा एका किलोमीटरच्या आत असावी. तोही त्या कागदावर लिहा.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी ठेवतो. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय तुम्हाला माहीत आहे. डॉ. सुशीला नायर यांनी ते लहानशा जागेत, बाया आणि मुलांसाठी सुरू केले. आता ते मोठे झाले आहे, १९६९ पासून तिथे डॉक्टरही तयार होतात. अशा कोणत्याही मोठ्या दवाखान्यात गेलात की आवारात बसलेल्या माणसांकडे पाहा. रोग्यासोबत आलेले नातेवाईक झाडाखाली बसतात. यवतमाळची बाई आणि हिंगणघाटची बाई एकमेकींना भाकर देतात. कोणी सोयाबीनच्या बियाण्याचा भाव विचारतो. कोणी म्हणते, "आमच्याकडे एक पोरगी हाय, तुमच्याकडे पोरगा हाय काय?" पहिल्यांदा आलेल्याला जुना माणूस सांगतो, चिठ्ठी कोठे काढायची, रक्त कोठे तपासायचे. आणि दुसरीकडे रांगेत उभ्या मजुराची दिवसाची मजुरी बुडते.

यातले दवाखान्याचे उघड काम कोणते? आतली कोणती? त्यांतले नफ्याचे कोणते, नुकसानीचे कोणते? उद्या सारी चिठ्ठी मोबाईलवर निघू लागली, तर मजुराचा वेळ वाचेल. पण वाट दाखवणारा तो जुना माणूस तिथे नसेल, तर मोबाईल न येणाऱ्या म्हाताऱ्याला कोण सांगेल?

आपल्या वहीत रेघ ओढा आणि दोन्ही बाजू लिहून आणा. पुढच्या बैठकीत एकेकाने आपले पान वाचायचे.